सर बरोबर असतात, पण लॅब गप्प झाली आहे

वाचकाचं पत्र

*मी एका शंभर खाटांच्या खाजगी रुग्णालयात लॅब इन्चार्ज आहे. हाताखाली नऊ जण. त्यातले एक सर माझ्याहून पंधरा वर्षांनी सिनियर आहेत. त्यांचं डीएमएलटी झालंय, मी एम.एस्सी. असल्यामुळे पद मला मिळालं. सरांना सगळं येतं आणि ते सगळ्यांना सगळ्यांसमोर सुधारतात. मागच्या महिन्यात ओपीडीतल्या एका पेशंटचं पोटॅशियम ७.४ आणि कॅल्शियम ४.८ आलं. सर मशिनवरून उठून थेट कलेक्शन काउंटरवर गेले आणि रांगेसमोर नव्या मुलीला म्हणाले, "ट्यूबचा क्रम पाठ नाही आणि सुई हातात घेते?" एका नातेवाईकाने लगेच विचारलं, मग आमचंही रक्त परत घेणार का? मुलगी रडली. रिपीट सॅम्पल नॉर्मल आलं, म्हणजे सर बरोबरच होते. त्यानंतर आठवड्याभरात एका सीबीसीत प्लेटलेट्स ४१,००० आल्या. स्लाइड पाहिली तर गुठळ्या. रक्त घेताना त्रास झाला होता हे घेणाऱ्याला माहीत होतं, पण तो बोलला नव्हता. सरांना दुखवायचं नाही, ते गेले तर लॅब अडेल. पण आता डब्याच्या वेळीही कुणी कुणाशी मोकळं बोलत नाही. काय करू?*

उत्तर

नमस्कार.

सरांना गप्प बसवणं हा यावरचा इलाज नाही, हे आधी सांगते. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून असलेलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्याचा अंश पोटॅशियम-कॅल्शियम तपासायच्या पिवळ्या ट्यूबमध्ये गेला की पोटॅशियम वर जातं, कॅल्शियम पडतं, अल्कलाइन फॉस्फटेजही खाली येतं. हे आकडे एका नजरेत जोडून "हा आजार नाही, सॅम्पल बिघडलंय" असं ओळखणारा माणूस तुमच्याकडे आहे. तो रिपोर्ट तसाच सुटला असता तर पेशंटला धावपळ करून बोलावलं गेलं असतं आणि मुळात नॉर्मल असलेलं पोटॅशियम उतरवायची औषधं सुरू झाली असती. पोटॅशियम विनाकारण खाली ओढणंही हृदयाला धोक्याचंच. तेव्हा सरांची नजर लॅबला हवीच आहे.

आता तुमच्या पत्रातल्या आकड्यांकडे जरा वेगळ्या डोळ्यांनी बघू या. ट्यूबचा क्रम चुकला, असं सर म्हणाले. सुई होल्डरला लावून व्हॅक्युम ट्यूबमध्ये रक्त घेतलं असेल, तर केवळ जांभळी ट्यूब आधी लावल्याने पिवळीत जाणारा अंश अगदी थोडा असतो. त्याने आकडा हलला तरी सहसा थोडासाच हलतो. पोटॅशियम सातच्या वर आणि कॅल्शियम पाचच्या खाली, इतकी मोठी उलथापालथ दिसली की माझा पहिला संशय दुसरीकडे जातो. पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं आणि जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं गेलं, असं झालंय का? किंवा सिरिंजने रक्त घेतलं आणि भरताना सुईचं टोक आधी जांभळीतल्या रक्तात बुडालं का? शीर नीट सापडत नाही, समोर रांग वाढत असते, पेशंट "अजून किती काढणार?" म्हणत असतो, अशा वेळी नवी मुलगी ट्यूबमधून ट्यूबमध्ये ओतते. असं कुठेही, कधीही होऊ शकतं.

तुमच्याकडे नेमकं काय घडलं ते मला इथून कळणार नाही. पण तुम्हालाही कळलेलं नाही, आणि खरी अडचण ती आहे. ते फक्त त्या मुलीला माहीत होतं. सरांनी तिला विचारलं नाही, निकाल सुनावला. रांगेसमोर निकाल लागल्यावर "सर, क्रम बरोबर होता, पण रक्त कमी पडलं म्हणून मी ओतलं" असं कोण म्हणेल? एका चुकीच्या जागी दोन चुका कबूल केल्यासारखं होईल ते. ती रडली आणि गप्प बसली. तुमच्या लॅबने धडा घेतला "क्रम पाठ करा" असा. ओतण्याची सवय असेलच, तर ती तशीच राहिली. सर ईडीटीएबद्दल बरोबर होते, पण ते पिवळ्या ट्यूबमध्ये आलं कसं याबद्दल कदाचित नव्हते, आणि ते तपासायची वाट त्यांच्याच आवाजाने बंद केली.

प्लेटलेट्सचं प्रकरण मला याच धाग्यातलं वाटतं. रक्त हळू हळू आलं, ट्यूब वेळेवर आठ-दहा वेळा उलटीसुलटी झाली नाही, आत बारीक गुठळी झाली, प्लेटलेट्स तिच्यात अडकल्या आणि मशिनने उरलेल्या मोजल्या. हे रोजचंच आहे. घेणारा एरवी ट्यूब देताना सहज म्हणाला असता, "याला जरा त्रास झाला, गुठळी बघा." तेवढ्याने काम भागलं असतं. पण आठवड्यापूर्वी काउंटरवर काय झालं ते त्याने पाहिलं होतं. त्याने मनात हिशेब केला की मशिनमधून निघालं तर निघालं, उगाच तोंडघशी कशाला पडा. हे त्याने मुद्दाम, ठरवून केलं असेल असंही नाही. माणूस अशा वेळी आपोआपच गप्प होतो.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या वॉर्डांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या संघांमध्ये चुका कमी निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ज्या वॉर्डांत आपसातले संबंध आणि नेतृत्व चांगलं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. तुमच्या लॅबला हे मोजायला संशोधन नको, रिजेक्शन रजिस्टर पुरेल. लॅबला एनएबीएलची मान्यता असो वा नसो, नाकारलेल्या सॅम्पलची नोंद तुम्ही ठेवतच असाल. मागच्या तीन महिन्यांची पानं उलटून बघा आणि नोंदी दोन ढिगांत वेगळ्या करा. पहिल्या ढिगात घेणाऱ्याने स्वतःहून सांगितलेल्या, म्हणजे "रक्त कमी आलं", "हिमोलाइज वाटतंय", "लेबल लावताना शंका आली" अशा. दुसऱ्या ढिगात मशिनवर किंवा रिपोर्टच्या वेळी दुसऱ्याने पकडलेल्या. काउंटरवरच्या प्रसंगानंतर पहिला ढीग आटला असेल आणि दुसरा तसाच असेल किंवा वाढला असेल, तर तुमच्या मनातली भीती खरी आहे. रात्रपाळीकडेही लक्ष ठेवा. शंका आली की मुलं सरांना फोन करण्याऐवजी तुम्हाला करतात का, की कुणालाच करत नाहीत? कुणालाच करत नसतील तर ते सगळ्यात वाईट.

हे दोन ढीग हातात घेऊनच सरांशी बोला. "वातावरण बिघडतंय" असं म्हणालात तर ते ऐकून घेतील आणि मनात म्हणतील, आजकालची पोरं नाजूक आहेत. पण सॅम्पल, गुठळी, चुकून सुटू शकणारा रिपोर्ट ही त्यांची भाषा आहे, त्या भाषेत बोललेलं त्यांना पोचेल.

बोलणं कुठे आणि कधी, तेही सांगते. घटना घडल्याच्या दिवशी बोलू नका. पण महिना झाला म्हणून सोडूनही देऊ नका. सकाळची गर्दी ओसरल्यावर, क्यूसी आणि तातडीचे रिपोर्ट मार्गी लागल्यावर, दोघंच असाल अशा जागी बसा. कँटीन नको, तुमच्या केबिनमध्ये टेबलापलीकडे बसवूनही नको. पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला केबिनमध्ये बोलावलं की लॅबभर त्याची बातमी होते आणि तुम्हीही तेच केल्यासारखं होतं, जे त्यांनी काउंटरवर केलं. स्टोअरमध्ये किट मोजायला दोघं जातच असाल, तिथे बोला. आणि पदाचा, पदवीचा उल्लेख चुकूनही नको. ती सल त्यांच्या मनात असेल किंवा नसेल. असेल तर तुमच्या एका शब्दाने सगळं बोलणं तिकडे वळेल.

सुरुवात साधारण अशी करता येईल: "सर, त्या दिवशी पोटॅशियम तुम्ही धरलं नसतं तर मी पॅथॉलॉजिस्ट मॅडमना काय तोंड दाखवलं असतं! एक मात्र मला अजून खटकतंय. इतकं जास्त आलं, म्हणजे क्रमापेक्षा ओतल्याचा संशय येतो मला. तिला विचारायला हवं होतं, पण काउंटरवर सगळ्यांसमोर झालं आणि मग ती बोललीच नाही. त्यानंतर ते गुठळीचं सीबीसीही घेणाऱ्याने सांगितलं नाही. मला भीती वाटते की पोरं आता आपल्यापासून लपवायला लागलीत."

यात कौतुक आहे, ते खरं आहे आणि नेमक्या कामाचं आहे. पुढे त्यांना विचार करायला लावेल असा तांत्रिक मुद्दा आहे, आणि मग परिणाम आहे. तुमचा स्वभाव असा, तुम्ही नेहमी असं करता, हे शब्द त्यात कुठेही नाहीत. "नेहमी" म्हटलं की माणूस लगेच न केलेल्या वेळा मोजून दाखवतो.

ते म्हणतील, "मी चुकीचं सांगतो का?" हे ते म्हणणारच, तयारी ठेवा. यावर वाद घालू नका. "अजिबात नाही, म्हणूनच ते पोरांपर्यंत पोचायला हवं. आत सांगितलंत तर ती विचारतील, बाहेर सांगितलंत तर रडतील," एवढंच म्हणा. किंवा ते म्हणतील, "आम्हाला आमच्या सरांनी असंच शिकवलं, पेशंटसमोर ट्यूब फेकून दिली होती माझी." हे मात्र नीट ऐकून घ्या. बऱ्याच जुन्या टेक्निशियनांना शिकवणं म्हणजे ओरडणं हेच माहीत असतं, कारण त्यांच्या वाट्याला तेच आलेलं असतं. "मग तेव्हा तुम्ही पुढची चूक त्यांना सांगायचात का?" हा प्रश्न मी तिथे विचारला असता. उत्तराची घाई करू नका, त्यांना जरा वेळ द्या.

बोलण्याच्या शेवटी एक ठोस नियम ठरवून घ्या, आणि तो फक्त सरांसाठी नको, तुमच्यासह सगळ्यांना लागू असू दे. तो कोणती चूक किती थांबू शकते यावर बेतावा. तुमच्या कामात काही चुका अशा असतात की एक सेकंदही थांबता येत नाही, मग समोर पेशंट असो की त्याचं अख्खं घर. नाव न विचारता सुई टोचली जातेय, एकाचं लेबल दुसऱ्याच्या ट्यूबवर लागतंय, वापरलेली सुई परत टोपणात घातली जातेय. तिथे कुणीही कुणालाही थांबवायचं. कालच आलेल्या मुलीनेही सरांना थांबवायचं. पण थांबवायचे शब्द ठरलेले असावेत आणि त्यांत माणसाबद्दल काही नसावं: "थांबा, नाव परत विचारू." एवढंच. पेशंटला ते ऐकून धीरच येतो, इथे लोक तपासून काम करतात असं वाटतं. "पाठ नाही आणि सुई हातात घेते" हे ऐकून मात्र त्याला पळून जावंसं वाटतं, आणि त्या नातेवाईकाचा प्रश्न तिथूनच आला.

पोटॅशियमची चूक यात बसत नव्हती. रक्त काढून झालं होतं, सॅम्पल मशिनवर होतं. रिपोर्ट अडवून धरणं तातडीचं होतं आणि ते सरांच्या हातात होतं. पेशंट जायच्या आत त्याला थांबवणंही तातडीचं, पण त्याला एवढं पुरलं असतं: "सॅम्पल पुन्हा घ्यावं लागेल, आमच्याकडून नीट आलेलं नाही, पैसे लागणार नाहीत." त्या मुलीशी बोलणं मात्र तासाभराने, आत झालं असतं तरी चाललं असतं. बहुतेक चुका या दुसऱ्या जातीच्या असतात. रिपोर्ट सुटायच्या आत मिटल्या पाहिजेत, पण त्यासाठी प्रेक्षक लागत नाहीत.

आणि काही गोष्टी बोलायच्याच नसतात. कुणी रजिस्टरमध्ये इंग्रजी स्पेलिंग चुकवलं, कुणी "क्रिएटिनिन"चा उच्चार गावाकडच्या वळणाने केला, कुणाची टुर्निकेट बांधायची पद्धत वेगळी पण बरोबर आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण सर यातही बोलत असतील अशी मला दाट शंका आहे. ज्यांना सुधारायची सवय जडते त्यांना कशावर बोलायचं आणि कशावर नाही याची गाळणी राहत नाही. याबद्दल वेगळा नियम करू नका, फार बारीक होईल. पहिल्या दोन गोष्टी रुळल्या की ही बरीचशी आपोआप कमी होते.

सरांचं ज्ञान जाणार कुठे, हा पुढचा प्रश्न. त्याला जागा दिली नाहीत तर ते पुन्हा काउंटरवरच येईल. दर शनिवारी, किंवा ज्या दिवशी ओपीडी हलकी असते त्या दिवशी, पंधरा मिनिटं रिजेक्शन रजिस्टर उघडून बसा. आठवड्यातली एकच नोंद घ्यायची. घेणाऱ्याचं नाव झाकायचं, आकडे फळ्यावर लिहायचे आणि विचारायचं, हे कशाने झालं असेल? सरांना या बैठकीचं प्रमुख करा, पण एका अटीवर: त्यांनी शेवटी बोलायचं. आधी सगळ्यात नव्या माणसाने, मग वरचे, शेवटी सर. त्यांना हे जड जाईल. पहिल्या दोन-तीन वेळा ते मध्येच तोंड उघडतील, तेव्हा तुम्ही हसून म्हणायचं, "सर, तुमचा नंबर शेवटचा." वेळ मात्र पाळा. पंधराची चाळीस मिनिटं झाली की ती बैठक राहत नाही, सरांचं लेक्चर होतं आणि पोरं घड्याळाकडे बघायला लागतात.

पहिल्याच बैठकीला तुमचं पोटॅशियम घेऊ नका, ते अजून ताजं आहे आणि नाव झाकलं तरी सगळ्यांना माहीत आहे. रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठीच्या निळ्या ट्यूबचं उदाहरण घ्या. तिच्यात सायट्रेट ०.३ मिली असेल तर रक्त २.७ मिली, म्हणजे नऊला एक हे प्रमाण. ट्यूब अर्धीच भरली तर रक्ताच्या मानाने सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच लांबलेला येतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनवरच्या पेशंटचा डोस त्यावरून बदलला जाऊ शकतो. हे फळ्यावर आलं की "रेषेपर्यंत भर" या सूचनेला अर्थ मिळतो. शिवाय या विषयात सरांची परीक्षाही होईल. जुन्या मंडळींपैकी कित्येकांच्या तोंडात सायट्रेट म्हटलं की ३.८ टक्के बसलेलं असतं. पूर्वी ते सर्रास वापरात होतं आणि वेस्टरग्रेन ईएसआरसाठी चाराला एक या प्रमाणात तेच असायचं. आता कोॲग्युलेशनसाठी ३.२ टक्के हे प्रमाण मानलं जातं. सर ३.८ म्हणाले तर?

इथे तुम्ही आणि बाकीची मंडळी कशी वागता त्यावर बरंच ठरेल. महिनाभर ऐकून घेतलेली पोरं अशा क्षणाची वाटच बघत असतात. कुणीतरी हळूच हसेल, कुणीतरी मोबाइलवर शोधून दाखवेल. तसं होऊ देऊ नका. ट्यूब हातात घ्या, तिच्यावर काय छापलंय ते वाचा, किटसोबत आलेला कागद उघडा. कोण बरोबर हे ठरवण्याचा मान माणसाकडून काढून कागदाकडे द्या. "ट्यूबवर ३.२ आहे, आपलं किटही त्यालाच आहे, तेच लिहून ठेवू" म्हणा आणि पुढे जा. सर चुकले हे कुणी शब्दात म्हणायची गरज नाही, सगळ्यांना दिसलेलं असतं. सरांनाही दिसतं की इथे चुकल्यावर कुणी आपली ट्यूब फेकली नाही. आणि हाच कागद पुढे उलट्या बाजूने कामाला येतो. पुढच्या वेळी एखादी मुलगी सरांशी असहमत असेल तर तिला "मला वाटतं" म्हणून उभं राहावं लागत नाही, "एसओपी बघू का, सर?" एवढं म्हणता येतं.

त्या मुलीशी तुम्ही बोललात का? पत्रात ते नाही. "मनाला लावून घेऊ नकोस, ते तसेच आहेत" असं सांगितलं असेल तर ते पुसून पुन्हा बोला. त्या वाक्याने तिला दोन गोष्टी कळतात: सर बदलणार नाहीत, आणि तुम्हाला हे चालतं. तिला एवढंच सांगा, की रांगेसमोर जे झालं ते व्हायला नको होतं, आणि मी ते तेव्हाच थांबवायला हवं होतं. मग विचारा, त्या दिवशी पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं होतं का? ती "हो" म्हणाली तर लगेच "अगं, ओतायचं नसतं" असं म्हणू नका. आधी विचारा, कमी पडलं तेव्हा काय करायचं हे तुला कुणी सांगितलं होतं का? बऱ्याचदा उत्तर "नाही" असतं. ट्यूबचा क्रम सगळ्या भिंतींवर चिकटवलेला असतो, पण रक्त अपुरं आलं तर काय, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला लावा: ट्यूबमधून ट्यूबमध्ये ओतायचं नाही, आहे तेवढ्यात कोणती तपासणी आधी करायची ते विचारायचं, दोनदा टोचून मिळालं नाही तर दुसऱ्याला बोलवायचं. तिची तयारी असेल तर हा कागद सरांनी आणि तिने मिळून लिहावा. तयारी नसेल तर आग्रह नको, महिनाभराचा अपमान असा चुटकीसरशी विरत नाही.

आता राहिला तो क्षण, जेव्हा सर पुन्हा मशिनवरून उठून काउंटरकडे निघतील. निघतील, कारण पंधरा-वीस वर्षांची सवय एका गप्पांत जात नाही. तेव्हा तुम्ही उठायचं. त्यांच्या आणि काउंटरच्या मध्ये पोचून साध्या आवाजात म्हणायचं, "सर, रिपोर्ट होल्ड केलाय ना? चला, आत बघू." पेशंटसमोर सरांनाही टोकायचं नाही, नाहीतर नियम पहिल्याच दिवशी तुम्हीच मोडलात. बोलून झालंच असेल तर मुलीला तिथून हलवू नका, ती पळाल्यासारखं दिसतं. तुम्ही तिच्याशेजारी उभं राहा आणि पुढचा पेशंट बोलवा. प्रसंगाच्या वेळी तुम्ही गप्प राहिलात तर नंतर केबिनमध्ये कितीही समजूत काढा, लॅबने तुमचं मत तिथेच वाचलेलं असतं.

याने फरक पडतोय का, हे सरांच्या चेहऱ्यावरून ठरवू नका. ते महिनाभर फुगून बसतील, कदाचित तुमच्याशी फक्त कामापुरतं बोलतील. ते चालेल. रजिस्टरमधला तो पहिला ढीग बघत राहा. "त्रास झाला, गुठळी बघा" अशा नोंदी पुन्हा यायला लागल्या, नाकारलेल्या सॅम्पलचा एकूण आकडा वाढल्यासारखा दिसला, तर घाबरू नका. व्यवस्थापनाने "रिजेक्शन का वाढलं?" विचारलं तर उत्तर तयार ठेवा: वाढलेलं नाही, आता सांगितलं जातंय. हे पॅथॉलॉजिस्ट मॅडमना आधीच सांगून ठेवा, म्हणजे महिन्याच्या मीटिंगमध्ये त्याच तुमच्या बाजूने बोलतील.

दोन-तीन महिने हे सगळं करूनही सर पेशंटसमोर माणसांना उतरवत राहिले, तर मग लेखी. "ते गेले तर लॅब अडेल" ही भीती मला कळते, पण त्या भीतीवर दुसरं कुणीतरी गेलेलं चालेल असं ठरवून बसू नका. नवी पोरं अशा ठिकाणाहून आवाज न करता जातात, जवळच्या कलेक्शन सेंटरला हजार रुपये कमी घेऊनही. तारीख, वेळ, कुणासमोर, नेमके शब्द आणि त्यानंतर सॅम्पलच्या बाबतीत काय झालं, इतकं एका पानावर लिहून मॅडमकडे द्या. सरांबद्दल विशेषणं नकोत. त्याच पानावर त्यांनी पकडलेल्या चुकाही लिहा, पोटॅशियमसकट, कारण त्या खऱ्या आहेत. आणि ते पान मॅडमकडे जाण्याआधी सरांना दाखवा.